एकच ईद, इस्तंबूलला शुक्रवारी आणि सिंगापूरला शनिवारी

2023 सालची रमजान ईद तुर्कस्तानात शुक्रवारी, 21 एप्रिलला झाली. सिंगापूरमध्ये ती शनिवारी, 22 एप्रिलला आली. दोन्ही देशांत साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारची, त्यामुळे एकीकडे ईद कामाच्या वारी आली आणि दुसरीकडे ती आधीच सुट्टी असलेल्या दिवसावर पडली. हे कसं झालं, याचं उत्तर आदल्या दिवशीच्या, म्हणजे 20 एप्रिलच्या अमावास्येत आहे.

त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. चंद्र सूर्याच्या रेषेत आला, तेव्हा सिंगापूरच्या घड्याळात दुपारचे 12 वाजून 12 मिनिटं झाली होती. तोच क्षण इस्तंबूलमध्ये सकाळी 7 वाजून 12 मिनिटांचा. तिथून पुढे चंद्र सूर्यापासून दर तासाला साधारण अर्धा अंश लांब सरकू लागतो. सिंगापूरला सूर्य मावळला संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे चंद्रकोरीचं वय तेव्हा जेमतेम सात तास होतं आणि सूर्यापासूनचं अंतर सुमारे चार अंश. हे अंतर सात अंशांच्या आत असेल, तर साध्या डोळ्यांना कोर दिसत नाही. ती अतिशय बारीक असते आणि संधिप्रकाशात विरून जाते.

पश्चिमेकडे जावं तसा सूर्यास्त उशिरा होतो आणि चंद्राला तेवढा जादा वेळ मिळतो. इस्तंबूलच्या सूर्यास्ताला कोर साडेबारा तासांची झाली होती. तरीही अंतर सात अंशांच्या आसपासच होतं, म्हणजे खुद्द इस्तंबूलमध्येही ती दिसणं कठीण होतं.

मग तिथे दुसऱ्या दिवशी ईद कशी? इथे खगोलाइतकाच नियमाचाही भाग आहे. तुर्कस्तानचं धार्मिक खातं गणितावर चालतं. सूर्यास्ताच्या वेळी चंद्र सूर्यापासून किमान 8 अंश दूर आणि क्षितिजापासून किमान 5 अंश वर, ही अट पृथ्वीवर कुठेही पुरी झाली तरी पुढचा दिवस नव्या महिन्याचा धरतात. 20 एप्रिलला अमेरिका खंडात सूर्यास्त होईपर्यंत ती अट पुरी होत होती. सिंगापूरही गणितच वापरतं, पण आपल्या भागापुरतं. शेजारी देशांबरोबर ठरवलेली तिथली अट 3 अंश उंची आणि 6.4 अंश अंतर अशी आहे. सूर्यापासूनचं अंतर चारच अंश म्हटल्यावर रमजानचा महिना तीस दिवसांचा झाला.

आता इस्तंबूलच्या बहिणीला आणि सिंगापूरच्या भावाला ही ईद एकत्र करायची होती असं समजू. बहिणीला गुरुवारी दुपारी एकपासून अर्धा दिवस आणि मग शुक्रवार ते रविवार सुट्टी. तुर्कस्तानात सणाची सुट्टी शनिवार-रविवारी आली तर बदली दिवस मिळत नाही, त्यामुळे सोमवारी ती कामावर. भावाला ईदची सुट्टी एकच दिवस, तीही शनिवारी. मात्र सिंगापुरात शनिवार ज्याचा कामाचा दिवस नसतो, त्याला बदली रजा किंवा एक दिवसाचा जादा पगार मिळतो. भावाने रजा घ्यावी आणि ती शुक्रवारी टाकावी. इथेच लोक फसतात. सवयीने सोमवार मागतात आणि त्या दिवशी पलीकडचं माणूस ऑफिसात असतं. शुक्रवारची रजा घेऊन गुरुवारी रात्री निघालं, तर साधारण अकरा तासांच्या प्रवासानंतर भाऊ शुक्रवारी सकाळी पोचतो. परतीला पाच तासांचा फरक उलट लागतो. रविवारी दुपारी एकला इस्तंबूलहून सुटणारं विमान सिंगापूरला सोमवारी पहाटे चार-पाचच्या सुमारास उतरेल, आणि त्याच सकाळी कामावर हजर व्हायचं. हा हिशेब तिकीट काढण्याआधी करायला हवा.

दरवर्षी असा घोळ होत नाही. 2024 मध्ये अमावास्या सिंगापूरच्या वेळेनुसार 9 एप्रिलच्या पहाटे 2 वाजून 21 मिनिटांनी झाली. संध्याकाळपर्यंत कोर जवळजवळ सतरा तासांची झाली, आणि दोन्हीकडे ईद 10 एप्रिलला, बुधवारी आली. मात्र भारतात बहुतेक ठिकाणी ती 11 तारखेला झाली, कारण तिथे प्रत्यक्ष चंद्रदर्शनाची साक्ष लागते आणि आदल्या संध्याकाळी ती मिळाली नाही.

प्रवास ठरवताना म्हणून आधी अमावास्येची वेळ काढा आणि दोन्ही शहरांच्या सूर्यास्तापर्यंत किती तास होतात ते मोजा. पंधरापेक्षा कमी भरले, तर तारखा फुटण्याचा धोका मोठा. चोवीसच्या पुढे गेले, तर सहसा नाही. मधल्या पट्ट्यात त्या देशात गणित चालतं की साक्ष, ते विचारा. साक्ष चालत असेल, तर निर्णय एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळीच कळतो, म्हणून त्या बाजूचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्यावं.