भूमिगत सांडपाणी नलिकेचे जेटिंग आणि कॅमेरा तपासणी

जमिनीखालून जाणारी सांडपाण्याची नलिका तुंबल्यावर ती उच्च दाबाच्या पाण्याने मोकळी करणे (जेटिंग) आणि नंतर तिच्यात कॅमेरा सोडून आतील भागाची अंतरवार पाहणी करणे, अशी ही जोडप्रक्रिया आहे. व्यवहारात पुष्कळदा पहिला अर्धा भागच होतो. पाणी वाहू लागले की काम संपले असे धरले जाते आणि काही महिन्यांनी तीच नलिका त्याच जागी पुन्हा तुंबते. चोकअप हा बहुधा नलिकेतील एखाद्या दोषाचा परिणाम असतो, आणि तो दोष कोणता व कोठे आहे, हे दुसऱ्या अर्ध्या भागातून कळते.

काम सुरू करण्यापूर्वी नलिकेवरील चेंबरची झाकणे उघडून पाहतात. ज्या दोन लगतच्या चेंबरपैकी वरचे भरलेले आणि खालचे कोरडे असेल, त्यांच्या दरम्यान अडथळा असतो. जेटिंग कोरड्या, म्हणजे उताराच्या खालच्या चेंबरकडून करतात. होजच्या टोकाला बसवलेल्या नोझलची बहुतेक छिद्रे मागच्या दिशेने तिरकी असतात. त्यांतून सुटणाऱ्या झोतांच्या प्रतिक्रियेने नोझल स्वतःच प्रवाहाविरुद्ध पुढे सरकते आणि तेच झोत सुटलेला मळ मागे, खालच्या चेंबरकडे लोटतात. घट्ट गोळा फोडण्यासाठी पुढेही एक छिद्र असलेले नोझल वापरतात. मळ फोडण्याचे काम दाब करतो, पण तो वाहून आणण्याचे काम पाण्याचे प्रमाण करते. त्यामुळे दाब वाढवूनही जाड वाळू हलत नसेल, तर कमतरता बहुधा पाण्याची असते. प्लास्टिकच्या नलिकेत भाजक्या मातीच्या किंवा काँक्रीटच्या नलिकेपेक्षा दाब बराच कमी ठेवावा लागतो, आणि कोणत्याही नलिकेत नोझल एकाच जागी फिरत ठेवू नये, कारण आधीच भेगाळलेल्या जागी झोत भेगेतून बाहेरची माती धुऊन काढतो. चेंबरमध्ये विषारी वायू साठलेला असू शकतो, म्हणून सर्व काम जमिनीवरून करावयाचे असते.

खालच्या चेंबरमध्ये काय येऊन पडते, याकडे लक्ष ठेवणारा कारागीर कॅमेऱ्याआधीच अर्धे निदान करतो. पांढुरकी चिवट ढेकळे म्हणजे गोठलेली चरबी; केसांच्या जटेसारखे तंतू म्हणजे मुळे. मात्र चरबी संपून पाणी निवळत असताना बारीक खडे, माती आणि धारदार कडांच्या खापऱ्या येऊ लागल्या, तर नलिका कोठेतरी फुटलेली आहे, असे समजून जेटिंग तिथेच थांबवणे शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर लवचीक दांडीवरचा कॅमेरा आत सोडतात. नलिकेच्या तोंडाशी मापक शून्यावर आणलेला असतो आणि पडद्यावर अंतर मीटरमध्ये दिसत राहते. दोषाची जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात: 12 म्हणजे माथा, 6 म्हणजे तळ. चित्र घेताना वरून येणारे पाणी बंद ठेवणे आवश्यक आहे, कारण वाहते पाणी आणि साचलेले पाणी यांतला फरक ते थांबल्यावरच दिसतो.

एका उदाहरणावरून वाचनाची रीत स्पष्ट होईल. 150 मिमी व्यासाची, 60 सेंमी लांबीचे मातीचे नळ जोडून केलेली जुनी नलिका घेऊ. दोन चेंबरमधील अंतर 24 मीटर आणि उतार 60 ला 1. खालून सोडलेले नोझल 9 मीटरवर अडते, तेथून चरबी निघते, वरच्या चेंबरमधील पाणी धाडकन उतरते, आणि नोझल पुढे गेल्यावर मुळांचे तंतू व काही खापऱ्या बाहेर येतात. खालच्याच चेंबरमधून सोडलेल्या कॅमेऱ्यात पहिले 9 मीटर स्वच्छ दिसतात. बरोबर 9.0 मीटरवरच्या सांध्यात पुढचा नळ सुमारे 30 मिमीने, म्हणजे व्यासाच्या एक पंचमांशाने, खाली गेलेला आहे. प्रवाहाच्या दृष्टीने ही समोरून आडवी येणारी पायरी असल्याने तिच्यामागे पाणी तुंबते आणि चरबी तिथे साठत जाते.

इथेच निष्कर्ष काढून तो एक सांधा उकरण्याचा मोह होतो. पण साचलेल्या पाण्याची लांबी वेगळे सांगते. पायरीमागचे, म्हणजे वरच्या चेंबरच्या बाजूचे, सर्व नळ सारखेच 30 मिमी खचून उतार मूळचाच राहिला असता, तर 60 ला 1 या हिशेबाने पाणी 1.8 मीटर मागे, म्हणजे 10.8 मीटरपर्यंतच उभे राहिले असते. प्रत्यक्षात ते 12.3 मीटरपर्यंत दिसते. पायरीपासून 3.3 मीटर मागे नलिकेचा तळ मूळ उताराने 55 मिमी उंच असायला हवा होता आणि तो आता पायरीच्या काठाच्या पातळीवर आहे. म्हणजे तेथे खचणे 55 मिमी आहे. पाणी सर्वांत खोल 11.7 मीटरच्या आसपास, व्यासाच्या एक तृतीयांश, भरते. तिथे मूळ तळ 45 मिमी वर आणि आजचा 50 मिमी खाली, म्हणजे खचणे 95 मिमीच्या घरात जाते. थोडक्यात, डोळ्यांत भरणारी पायरी हे खड्ड्याचे टोक आहे, तळ नव्हे.

पाण्याखालचा भाग कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि अनेक अहवाल नेमके इथे अपुरे राहतात. कमी दाबाने नोझल मागे ओढत पाणी लोटून देऊन लगेच चित्र घेतल्यावर 11.7 मीटरवर 5 ते 7 या आकड्यांदरम्यान तळाचा तुकडा गायब असल्याचे आणि खाली पोकळी असल्याचे दिसते. आधी मिळालेल्या खापऱ्या याच तुकड्याच्या. पुढे 12.6 मीटरवर सांधा माथ्याला फाकला असून त्यातून मुळे लोंबत आहेत. खालच्या बाजूला झुकलेल्या नळाचा सांधा वरून उघडणार, हे अपेक्षितच आहे. घटनाक्रम असा बसतो: तुटलेल्या तळातून गळणाऱ्या पाण्याने नळाखालची माती वाहून गेली, आधार गेल्याने नळ खचले, सांधे सुटले, आणि चरबी व मुळे त्यानंतर आली. सर्वांत आधी तळ कशाने फुटला, हे मात्र आतल्या चित्रावरून सांगता येत नाही. कॅमेरा नलिकेबाहेरची स्थिती पाहू शकत नाही.

भेगेची दिशाही काही सांगते. नलिकेच्या लांबीने जाणाऱ्या आणि 12, 3, 6, 9 या जागी पडलेल्या भेगा वरून आलेल्या भाराने नळ चेपला जात असल्याची खूण असते, तर परिघाभोवती फिरणारी भेग नळ वाकल्याची, बहुधा एका बाजूचा आधार गेल्याची.

वरील नलिकेत आतून अस्तर घालण्याचा पर्याय चालत नाही, कारण अस्तर नळाच्या आकारानेच बसते. खड्डा तसाच राहतो आणि त्यात पाणीही. 9.0 ते 12.6 मीटरपर्यंतचे सहा नळ उकरून, खाली आधार ठोकून भरून, मूळ उतारावर नव्याने बसवावे लागतात. उकरण्याची जागा फक्त मापकावरून ठरवत नाहीत, कारण दांडी नलिकेत नागमोडी पडली की आकडा जास्त दिसतो. कॅमेऱ्याच्या डोक्यातील प्रेषकाचा संकेत जमिनीवरून शोधकयंत्राने पकडून खूण करतात. नळ बदलल्यावर पुन्हा कॅमेरा सोडून, एक बादली पाणी ओतून ते थांबल्यावर कोठे उभे राहत नाही ना, हे पाहतात.