शिंग कापलं, बूड राहिलं

आमच्या तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदार आबांच्या डाव्या कानाच्या कडेवर शिंग उगवलं होतं. पिवळट, टणक, टोकाशी वाकलेलं, सेंटीमीटरभर उंच. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी देवाचा कोप. आबांनी ते वस्तऱ्याने दोनदा छाटलं, वर राख लावली. दोन्ही वेळा काही महिन्यांत ते परत आलं. करणीच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या नादात आबांचं वर्ष वाया गेलं.

खिलार बैलाच्या शिंगाला आत हाडाचा गाभा असतो, वर केराटिनचं कवच. माणसाच्या कातडीवरच्या शिंगात हाड नसतंच. ते आरपार केराटिन, म्हणजे आपल्या नखातलंच प्रथिन.

ते उगवतं कसं? कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात. वर सरकता सरकता त्या केराटिनने भरतात, मरतात आणि साधारण महिनाभरात पापुद्रा होऊन झडतात. शिंगाच्या जागी तळाशी पेशी भराभर तयार होतात आणि मेलेल्या पेशी झडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. थरावर थर चढत खांब उभा राहतो. म्हणजे दिसतं ते सगळं मेलेलं. जिवंत कारखाना बुडाशी, आणि छाटल्यावर तो तसाच चालू राहतो.

बुडाशी साधी चामखीळ असू शकते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने पेशींच्या डीएनएत बिघाड होऊन तयार झालेला, कर्करोगाच्या आधीचा खरखरीत डाग असू शकतो. किंवा थेट कर्करोगच. वरचं शिंग मात्र तिन्हींत सारखंच दिसतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ६४३ शिंगांच्या तपासणीत सुमारे ३९ टक्के बुडं कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेतली निघाली. सावळ्या कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे उन्हापासून बरंच संरक्षण असतं, पण ते पूर्ण नसतं.

उंचीच्या मानाने बूड रुंद असेल, हाताला घट्ट लागत असेल, दुखत असेल, लाल असेल, रक्त येत असेल तर संशय वाढतो. आबांचं बूड रुंद होतं आणि उशीवर कान टेकला की दुखायचं. तरी नुसत्या नजरेने निदान होत नाही. बायोप्सीत बुडाखालची कातडी पुरेशा खोलीपर्यंत घ्यावी लागते. फक्त शिंग पाठवलं तर सूक्ष्मदर्शकाखाली केराटिनच दिसतं. त्यावरून काही ठरत नाही. कर्करोग पसरू लागला आहे का, हे पेशींनी तळाची सीमा ओलांडून खालच्या थरात शिरकाव केला आहे का, यावरून कळतं.

आबांच्या रिपोर्टात बुडाच्या एका कडेला तो शिरकाव दिसला, नुकताच सुरू झालेला. जागा बधिर करून, भोवतीच्या निरोगी कातडीच्या काठासह तो भाग काढला आणि कापलेल्या कडा पुन्हा तपासल्या. त्या स्वच्छ निघाल्या. आता ते ठरल्या वेळी कान दाखवून येतात, आणि बागेत गांधीटोपीऐवजी टॉवेल गुंडाळतात. टोपीखाली कान उघडाच राहायचा.