खरेदी विभागातील भेटवस्तू व पाहुणचाराचे नियम

पुरवठादाराकडून आलेली कोणती भेट किंवा पाहुणचार खरेदी कर्मचाऱ्याने स्वीकारावा, कोणता परत करावा आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हे ठरवणारे संस्थेचे अंतर्गत नियम. लाचखोरीविरोधी व्यवस्थापनाच्या आयएसओ ३७००१ या मानकातही अशा भेटींवर नियंत्रण ठेवणारी कार्यपद्धती अपेक्षित आहे.

बहुतेक संस्था मूल्याची मर्यादा घालतात. रोख रक्कम आणि रोखीसारखी वापरता येणारी भेटकार्डे मात्र कितीही लहान रकमेची असली तरी नाकारली जातात. मर्यादा चुकवण्याची नेहमीची पळवाट म्हणजे एकाच पुरवठादाराच्या लहान लहान भेटी. म्हणून वर्षभराची बेरीज पाहावी लागते. पण मूल्यापेक्षा वेळ अधिक बोलकी असते. निविदा चालू असताना, करार नूतनीकरणाला आला असताना किंवा नापसंत मालाचा वाद मिटलेला नसताना आलेली साधी डायरीसुद्धा अडचणीची ठरते. जेवणाच्या बाबतीत यजमान स्वतः हजर आहे का आणि कामाची चर्चा होणार आहे का, हे पाहतात. यजमान नसेल, तर ती भेटच समजावी.

सणाच्या भेटीचा पेच असा, की पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा स्वच्छ असतो आणि नकार त्याला लागतो. समजा, खोक्यांच्या पुरवठ्याची निविदा आहे, दरपत्रके अजून उघडायची आहेत, आणि निविदा भरलेल्या एका पुरवठादाराचे पार्सल खरेदी अधिकाऱ्याच्या घरी येते. घरच्यांनी ते घेतले, तरी भेट अधिकाऱ्यालाच मिळाली असे धरले जाते. त्याने पार्सल न उघडता त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवावे आणि नोंदवहीत तारीख, पाठवणारा, वस्तू, अंदाजे मूल्य, चालू व्यवहार आणि केलेली कार्यवाही लिहावी. मग कार्यालयामार्फत पार्सल परत पाठवून पोच घ्यावी. सोबतचे पत्र थोडक्यात असावे: “आपल्या शुभेच्छांबद्दल मनापासून आभार. आमच्या नियमांनुसार कोणाचीच भेट आम्हाला स्वीकारता येत नाही, म्हणून ती आदरपूर्वक परत पाठवत आहोत.” त्यात निविदेचा उल्लेख नको, संशयाचा सूर तर नकोच. शक्यतो आधी फोन करावा, म्हणजे पार्सल अचानक दारात परत आल्याचा अपमान वाटत नाही.

नाशवंत पदार्थ परत पाठवणे शक्य नसते. अशा वेळी वरिष्ठांच्या संमतीने ते सर्व विभागांत वाटतात किंवा संस्थेच्या नावाने दान देतात, आणि तसे पुरवठादाराला कळवतात. खरेदी विभागाने आपसांत वाटून घेणे हा तोडगा नव्हे, कारण निर्णय घेणारे तेच असतात.

सगळ्यात कमी कटुता येते ती आधी सांगितल्याने. सणाच्या तीन-चार आठवडे आधी संस्थेच्या प्रमुखाच्या सहीने सर्व पुरवठादारांना एकच पत्र गेले, की नकार कोणा एका कर्मचाऱ्याचा राहत नाही. नोंदवहीचा उपयोगही तेव्हाच कळतो: पत्रानंतरही एकाच अधिकाऱ्याच्या घरी भेटी येत राहिल्या, किंवा वर्षभर त्याच्या नावापुढे एकही नोंद नसली, तर तपासणीस तिथून विचारपूस सुरू करतात.