१:५०,००० हा आकडा आणि खालची पट्टी: अंतर कोणाला विचारायचं?

इंदूरचा टोपोशीट, म्हणजे गावं, रस्ते, चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा, सर्व्हे ऑफ इंडियाचा ४६ एन/१४. हा जुन्या क्रमांकपद्धतीतला आकडा आहे, पण नकाशे वापरणारे अजून त्याच नावाने मागतात. एका कागदावर इंदूर शहर, राऊ, महू असं सगळं येतं. त्यावर प्रमाण दोन ठिकाणी दिलेलं असतं. एक ठळक आकड्यात, १:५०,०००. दुसरं खालच्या समासात काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची पट्टी काढून. शाळेच्या भूगोलात पहिल्याला अंकप्रमाण म्हणतात, दुसऱ्याला रेषाप्रमाण. पुस्तक सांगतं की दोन्ही एकच गोष्ट सांगतात, आणि मूळ छापील कागद हातात असेल तर ते खरंही आहे. पण मूळ कागद आज कोणाच्या हातात असतो? पीडीएफ असते, नाहीतर झेरॉक्स. तिथे या दोघांचं पटत नाही.

आधी आकडा. १:५०,००० म्हणजे कागदावरचं एक माप जमिनीवर तशीच पन्नास हजार मापं. त्याला स्वतःचं एकक नाही. एक सेंटिमीटर म्हणजे ५०,००० सेंटिमीटर, एक इंच म्हणजे ५०,००० इंच. सेंटिमीटरने मोजलं तर हिशोब सोपा पडतो: ५०,००० सेंमी म्हणजे ५०० मीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर. फूटपट्टीने मोजलेले सेंटिमीटर निम्मे करा, किलोमीटर मिळाले. दुसरं कुठलं प्रमाण असेल तर खालच्या संख्येला एक लाखाने भागा, एका सेंटिमीटरचे किलोमीटर हातात येतात. १:२५,००० वर पाव किलोमीटर, १:२,५०,००० वर अडीच.

मूळ शीटवर राजवाडा ते महूचं रेल्वे स्टेशन सरळ रेषेत मोजलं तर ४१ सेंमीच्या आसपास येतं. निम्मे केले की साडेवीस किलोमीटर. रस्त्याने जाणाऱ्याला दोन-तीन किलोमीटर जास्त पडतात, कारण रस्ता सरळ रेषेत जात नाही. इथवर काही अडचण नाही.

आता तोच नकाशा पीडीएफमधून ए३ कागदावर छापू. मूळ शीट ए३वर मावतच नाही, म्हणून प्रिंटर ‘फिट टू पेज’ करून तो आक्रसतो. कागदावर १:५०,००० मात्र जसंच्या तसं छापून येतं, कारण ती अक्षरं आहेत. चित्र लहान झालं म्हणून प्रिंटर त्या पन्नास हजारांचे काही वेगळे करत नाही. या प्रतीवर राजवाडा ते महू साडेएकोणीस सेंटिमीटर भरतं. सवयीने निम्मे केले की उत्तर येतं पावणेदहा किलोमीटर. इंदूरचा कोणीही माणूस इथे थांबेल, कारण तेवढ्या अंतरात राऊसुद्धा लागत नाही, महू तर त्याच्याही पुढे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त काका तरीही अडून बसतात, “अहो, छापलंय ना त्यावर पन्नास हजार!” छापलंय खरं, पण ते या कागदाबद्दल नाही, मूळ कागदाबद्दल आहे.

खालची पट्टी इथे उपयोगी पडते. ती चित्राचाच भाग असल्यामुळे चित्राबरोबर तीही आक्रसली. मूळ शीटवर तिचा एक किलोमीटर २ सेंमी लांब होता, या प्रतीवर तो साधारण ९.५ मिलिमीटर भरतो. म्हणून इथे सेंटिमीटर मोजायचेच नाहीत. कागदाची एक लांब पट्टी घ्या, तिची कड राजवाडा आणि महूवर ठेवून दोन खुणा करा, आणि तीच कड खालच्या रेषाप्रमाणाला लावा. अंतर रेषाप्रमाणाहून लांब असेल तर त्याचे तुकडे पाडून मोजा. उत्तर साडेवीसच येईल, मग छपाई ए३वर असो की फ्लेक्सवर.

रेषाप्रमाण वाचताना चूक होते ती शून्याच्या जागेवर. टोपोशीटवर शून्य पट्टीच्या डाव्या टोकाला नसतं, एक किलोमीटर आत असतं. शून्याच्या उजवीकडे पूर्ण किलोमीटर आणि डावीकडे एका किलोमीटरचे शंभर-शंभर मीटरचे बारीक भाग. बरेच जण खूण डाव्या टोकाला लावून उजवीकडचा आकडा वाचतात आणि एक किलोमीटर गमावतात. बरोबर रीत अशी: उजवी खूण एखाद्या पूर्ण किलोमीटरच्या रेघेवर ठेवायची, आणि ती कुठल्या रेघेवर, हे डावी खूण ठरवते. डावी खूण शून्याच्या डावीकडच्या बारीक भागांत पडली पाहिजे. उजवीकडे ४ आणि डावीकडे ६०० मीटर आले तर अंतर ४.६ किलोमीटर. ही रचना मुद्दाम अशी आहे, त्यामुळे संपूर्ण पट्टीभर बारीक रेघा काढाव्या लागत नाहीत.

मग आकडा टाकूनच द्यायचा का? तसं नाही. कधी रेषाप्रमाण फसवतं आणि आकडा वाचवतो. जुन्या एक इंचाला एक मैल मालिकेतले शीट अजून कुणाकुणाच्या कपाटात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडतात. त्यावरची पट्टी मैल आणि फर्लांगांत असते, आठ फर्लांगांचा एक मैल. क्रमांक तोच ४६ एन/१४, भूभागही तोच, म्हणून घाईत कोणी तिला किलोमीटरची पट्टी समजून वाचतं. राजवाडा ते महू पावणेतेरा मैल येतात, ते पावणेतेरा किलोमीटर म्हणून वहीत उतरतात. अशा वेळी नजर १:६३,३६० या आकड्यावर गेली की उलगडा होतो, कारण एका मैलात बरोबर ६३,३६० इंच असतात. हा विचित्र दिसणारा आकडा कुठेही भेटला की इंच-मैलांचा कागद समजायचा. या शीटवर तेच अंतर ३२.४ सेंमी भरतं. पन्नास हजारांच्या सवयीने निम्मे केले तर १६.२ किलोमीटर येतात, आणि ही चूक जास्त घातकी, कारण उत्तर हास्यास्पद वाटत नाही. नवख्या माणसाला ते खरंही वाटेल.

पट्टीही नाही आणि आकड्यावरही भरवसा नाही, असंही होतं. कोणीतरी फोनवर नकाशाचा फक्त हवा तेवढा तुकडा पाठवतो, खालचा समास कापलेला. अशा वेळी माझी पहिली धाव कडेच्या अंश-कलांकडे असते, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ४६ एन/१४ हा शीट उत्तर-दक्षिण १५ कलांचा आहे, २२° ३०′ पासून २२° ४५′ पर्यंत. अक्षांशाच्या १५ कला जमिनीवर साधारण २७.७ किलोमीटर. १:५०,००० च्या मूळ शीटवर ही उंची ५५.४ सेंमी असायला हवी. वरच्या ए३ प्रतीवर ती २६.३ सेंमी भरली, म्हणजे २७.७ भागिले २६.३, एका सेंटिमीटरला १.०५ किलोमीटर. प्रतीचं खरं प्रमाण १:१,०५,००० च्या जवळ. साडेएकोणीस गुणिले १.०५, पुन्हा साडेवीस. तुकडा लहान असेल तर पाच कलांची एक पायरी पुरते, ती ९.२ किलोमीटरची. मात्र उभं माप घ्या, आडवं नाही. इंदूरच्या अक्षांशावर रेखांशाच्या पाच कला ८.६ किलोमीटरच्याच आसपास असतात, आणि दोन्ही सारखे धरले तर सात टक्क्यांची चूक घरबसल्या पदरात पडते.

अचूकतेची हद्दही इथेच सांगतो. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. साध्या फूटपट्टीने अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, तो २५ मीटरचा. म्हणून या नकाशावरून २०.४७ किलोमीटर असं उत्तर काढणारा माणूस नकाशा वाचत नाही, फक्त कॅल्क्युलेटर वाचतो. रस्तेही नकाशावर खऱ्या रुंदीपेक्षा जाड काढलेले असतात, नाहीतर ते दिसलेच नसते, तेव्हा रस्त्याची रुंदी मोजायला आकडा आणि पट्टी दोन्ही निरुपयोगी. शिवाय दोन्ही सपाट अंतर देतात. महूच्या पुढे घाट उतरताना पायाखाली जेवढी वाट जाते, तेवढी कागदावर दिसत नाही.

प्रत काढल्यावर मी समासात पेनाने एक ओळ लिहून ठेवतो: ‘या प्रतीवर १ सेंमी = १.०५ किमी’. छापील १:५०,००० वर एक तिरकी रेघ मारतो. त्याच प्रतीची पुन्हा झेरॉक्स निघाली आणि यंत्राने तिला ९० टक्के केलं, तर माझी ओळही खोटी ठरते, कारण तीही शेवटी अक्षरंच. खालची पट्टी मात्र त्याही वेळी चित्राबरोबर आक्रसते.

पट्टी खरंच नापास होते ती फोनने तिरका काढलेल्या फोटोत. नकाशा टेबलावर आणि फोन खालच्या बाजूने धरलेला, म्हणजे खालची कड मोठी आणि वरची लहान येते. मग खालच्या समासातली पट्टी महूकडच्या भागाला साधारण लागू पडते आणि इंदूरकडच्या भागाला कमी अंतर देते. तपासायचं असेल तर नकाशाच्या चौकटीची वरची आणि खालची कड मोजा. मूळ शीटवर वरची कड खालचीपेक्षा साधारण एकच मिलिमीटर लहान असते, कारण उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येतात. फोटोच्या प्रिंटमध्ये सेंटिमीटरभर फरक दिसला, तर त्यावर मोजमाप करू नका, नकाशा स्कॅन करून घ्या.