बाय वेगळा, वॉकओव्हर वेगळा

मित्रामित्रांत ईफुटबॉल किंवा ईए एफसीची ऑनलाइन नॉकआउट स्पर्धा लावली की काही जण न खेळताच पुढे सरकतात. त्यातल्या कुणाला बाय मिळालेला असतो, कुणाला वॉकओव्हर. ग्रुपवर मात्र दोन्हींना सरसकट 'बाय मिळाला' म्हणतात आणि तिथूनच वाद पेटतात.

बाय ही निव्वळ आकडेमोड. समजा डिचोली, फोंडा, म्हापसा, पेडणे मिळून 11 जण जमले. नॉकआउटचा तक्ता 8, 16, 32 असाच जुळतो. 16 ला 5 कमी पडतात, म्हणून 5 जणांना बाय. उरलेले 6 जण 3 सामने खेळतात आणि ते 3 विजेते अधिक 5 बायवाले मिळून 8 जणांची उपांत्यपूर्व फेरी लागते. त्यापुढे बायची गरजच उरत नाही. कुणी मागितलाच तर तक्ता पुन्हा तपासा. बाय द्यायचा तो ड्रॉच्या वेळीच, चिठ्ठ्या टाकून. नंतर दिलेला बाय म्हणजे वशिला.

वॉकओव्हर म्हणजे जोडी लागली, वेळ ठरली आणि समोरचा फिरकलाच नाही. हा निकाल असतो, म्हणून त्याला पुरावा लागतो. 15 मिनिटं थांबायचं, वेळ दिसेल असा लॉबीचा स्क्रीनशॉट काढायचा आणि ग्रुपवर टाकायचं: 'सामना 2, फोंडा वि. पेडणे, रात्री 9. पेडणे 9.15 पर्यंत आला नाही. वॉकओव्हर फोंडा.' पावसाळ्यात सत्तरीकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून वेळेआधी कळवलं तर एकदा तारीख बदलून द्यावी, असं माझं मत. दुसऱ्यांदा नाही.

खरा फरक कळतो तो साखळीत. गटात 5 जण असले तर दर फेरीत एकाला विश्रांती मिळते. तिचे गुण शून्य, गोल शून्य, आणि 'खेळले' या रकान्यातही काही चढत नाही. वॉकओव्हरला मात्र 3 गुण आणि फुटबॉलच्या रिवाजाप्रमाणे 3-0 धरतात, म्हणजे गोलफरकही वाढतो. बुद्धिबळाच्या स्विस स्पर्धा खेळलेले गडी इथे हमखास गोंधळतात, कारण तिथे खेळाडू विषम असले की बाय मिळणाऱ्याला गुणही मिळतो. म्हणून हे आधीच लिहून ठेवा. आणि ते तीन गोल कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर टाकायचे नाहीत, नाहीतर घरी बसून सर्वाधिक गोलांचं बक्षीस जायचं.

मधेच नेट तुटलं तर ते यातलं काहीच नाही. 70व्या मिनिटाला 2-1 असताना तुटलं, तर नवा सामना लावून गेमच्या घड्याळातली 20 मिनिटं खेळायची आणि ते गोल 2-1 मध्ये मिळवायचे. पण हरणाऱ्याचंच नेट दरवेळी तुटत असेल, तर दुसऱ्या खेपेला सरळ वॉकओव्हर लावा.