ऑनलाइन विक्रीसाठी वस्तूचा मुख्य फोटो: तो का नाकारला जातो आणि नियमांत बसणारा फोटो कसा तयार करावा

मालवण परिसरातील एका महिला बचत गटाने कोकम आगळाची बाटली ऑनलाइन विक्रीसाठी नोंदवली. अर्जातील सर्व माहिती बरोबर होती, मात्र मुख्य फोटो नाकारला गेला. बाटली चिऱ्याच्या कट्ट्यावर ठेवलेली होती व मागे पोफळीची बाग दिसत होती. वरच्या कोपऱ्यात गटाचे बोधचिन्ह आणि खाली ‘शुद्ध, घरगुती, साखरविरहित’ अशी पट्टी टाकलेली होती. बाटलीच्या लेबलवरही तेच बोधचिन्ह छापलेले असताना हरकत केवळ कोपऱ्यातल्या चिन्हाला कशी, हा गटातील महिलांचा प्रश्न रास्त होता.

याचे उत्तर असे की, लेबलवर छापलेला मजकूर वस्तूचाच भाग असतो व तो ग्राहकाच्या घरी पोहोचतो, तर फोटोवर नंतर चढवलेला मजकूर ही जाहिरात ठरते. सवलतीची पट्टी किंवा ‘सर्वोत्तम’ असा दावा प्रत्येक फोटोत वाचून पडताळणे विक्री-संकेतस्थळाला शक्य नसते. सवलत संपली तरी पट्टी तशीच राहते आणि कोपऱ्यातील शिक्का संकेतस्थळानेच दिलेला आहे, असा ग्राहकाचा समज होऊ शकतो. पार्श्वभूमीचे कारण वेगळे आहे. शोधयादीत फोटो अंगठ्याएवढा दिसतो. तेवढ्या जागेत आगळाची गडद बाटली लाल चिऱ्यात मिसळून जाते.

अ‍ॅमेझॉनचे मुख्य फोटोविषयीचे नियम काटेकोर आहेत. पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा व निळा या तिन्ही रंगांचे मूल्य 255 असावे. वस्तूने चौकटीचा किमान 85 टक्के भाग व्यापावा. वस्तूवर किंवा पार्श्वभूमीवर वेगळा मजकूर, बोधचिन्ह, किनार वा वॉटरमार्क नसावा. फोटो मोठा करून पाहता यावा यासाठी लांब बाजू किमान 1,000 पिक्सेल हवी. 1,600 ठेवल्यास उत्तम. नियमभंग झाल्यास वस्तू शोधात दिसेनाशी होऊ शकते. गूगलच्या खरेदी यादीतही जाहिरातीचा मजकूर व वॉटरमार्क चालत नाही. इतर संकेतस्थळांचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या विक्रेता खात्यातील नियम आधी वाचावेत.

नाकारलेल्या फोटोवरील अक्षरे पुसत बसू नये, कारण पुसलेल्या जागी लेबलच्या कडा विद्रूप होतात. अक्षरे टाकण्यापूर्वीचा मूळ फोटो असल्यास तो घ्यावा, नसल्यास नवा काढावा. गटाने पडवीत, थेट ऊन येणार नाही अशा ठिकाणी, पांढरा कार्डशीट मागून खालपर्यंत वळवून अंथरला. पहिल्या फोटोत काचेच्या दोन्ही कडांवर चिऱ्याची लाल झाक उतरली. बाटलीच्या दोन्ही बाजूंना पांढरे कागद उभे केल्यावर ती गेली.

कागद डोळ्यांना पांढरा दिसत होता, परंतु संपादन अ‍ॅपमधील रंग तपासण्याच्या ड्रॉपरने कोपऱ्यात 226, 224, 219 असे आकडे दाखवले. बराचसा भाग पांढरा असला की कॅमेरा प्रकाश आपोआप कमी धरतो, त्यामुळे कागद करडा उतरतो. संपूर्ण फोटो उजळवला तर काचेची कड आणि पांढरे झाकण पार्श्वभूमीत विरून जाते. म्हणून बाटली कापून वेगळ्या शुद्ध पांढऱ्या थरावर ठेवावी. हे काम करताना झाकणाची कड मोठी करून पाहावी, कारण चूक बहुधा तिथेच होते. पारदर्शक पार्श्वभूमीची फाइल थेट जेपीजीमध्ये साठवल्यास अनेक अ‍ॅपमध्ये ती काळी होते, त्यामुळे पांढरा थर जोडल्यावरच ती साठवावी.

मूळ फोटो 3,000 बाय 4,000 पिक्सेलचा होता व त्यात बाटलीची उंची 2,600 होती. त्यातून 3,000 बाय 3,000 चा चौरस कापल्यावर बाटलीने उंचीचा सुमारे 87 टक्के भाग व्यापला. तो चौरस 1,600 पर्यंत लहान केला तरी हे प्रमाण बदलत नाही. चारही कोपऱ्यांत 255 आल्याची खात्री करून फाइल चढवण्यात आली व ती स्वीकारली गेली.

पोफळीच्या बागेचा फोटो वाया जात नाही. अ‍ॅमेझॉनवर दुय्यम फोटोंमध्ये परिसर आणि वापराची माहिती देणारा मजकूर दाखवता येतो. भौगोलिक मानांकनाचे चिन्ह मात्र तिथेही नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यानेच वापरावे. त्यामुळे त्या नोंदणीचे प्रमाणपत्र, खाद्यपदार्थासाठी एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक असलेला परवाना किंवा नोंदणी, आणि वस्तूवर दुसऱ्याचा ब्रँड असल्यास त्याचे लेखी अधिकारपत्र हाताशी ठेवावे. परवान्याचा क्रमांक लेबलवर असतोच, तो फोटोवर वेगळा लिहू नये.