हातउसने दिलेले पैसे: दावा लावायची मुदत कधी संपते?

ओळखीतल्या माणसाला बँकेतून 2 लाख दिले, परत करायची तारीख ठरवली नाही, लेखी काही केलं नाही. पैसे दिल्याचा पुरावा बँकेच्या उताऱ्यात स्पष्ट आहे. तरीही हा दावा बुडू शकतो, कारण मुदत कायदा 1963 नुसार अशा उसनवारीच्या वसुलीसाठी तीन वर्षांतच दिवाणी दावा लावावा लागतो.

बहुतेकांची चूक सुरुवातीच्या तारखेत होते. ‘मागितल्यावर देईन’ असं ठरलं असेल तर मुदत पैसे मागितल्यापासून मोजतात, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ती पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजतात. परतफेडीची तारीख ठरली असेल आणि ते सिद्ध करता येत असेल, तरच ती त्या तारखेपासून सुरू होते.

समजा पैसे 12 ऑगस्ट 2022 रोजी दिले. पहिला दिवस मोजायचा नाही, म्हणून शेवटचा दिवस 12 ऑगस्ट 2025. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, एवढीच सवलत. जुलै 2025 मध्ये वकिलाची नोटीस दिली, समोरच्याने तोंडी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं आणि दावा सप्टेंबरमध्ये गेला, तर तो मुदतबाह्य. नोटीस दिल्याने किंवा पोलिसांत तक्रार केल्याने मुदत थांबत नाही. आजारपणाचं कारण देऊन विलंब माफही करून घेता येत नाही. ती सोय अपील आणि अर्जांसाठी आहे, दाव्यासाठी नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम 3 प्रमाणे न्यायालयाला असा दावा फेटाळावाच लागतो.

मुदत नव्याने सुरू करून घेण्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत, पण दोन्ही जुनी मुदत संपायच्या आत वापरावे लागतात. पहिला, कर्जाची लेखी कबुली (कलम 18). त्यावर कर्जदाराची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची सही हवी. रक्कम अचूक लिहिलेली नसली तरी चालते. ‘देणं आहे, पण आत्ता देणार नाही’ असं सही करून लिहिलं तरी ती कबुलीच ठरते. म्हणून वरच्या उदाहरणात नोटिशीला 30 जुलै 2025 रोजी देणं मान्य करणारं सहीचं उत्तर आलं असतं, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळाली असती.

दुसरा मार्ग अंशतः परतफेडीचा (कलम 19), आणि इथे हमखास घोळ होतो. कर्जदाराने 20 हजार रोख दिले की आपण पावती फाडतो, त्यावर सही आपली असते. मुदतीसाठी त्या पावतीचा उपयोग नाही. पैसे दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने हवी. ‘12 ऑगस्ट 2022 च्या उसनवारीपैकी 20,000 रुपये आज दिले’ एवढी ओळ, तारीख आणि त्याची सही पुरते. चेकने दिले तर चेकवर त्याची सही असतेच. त्याची छायाप्रत ठेवा. असं 5 मार्च 2024 रोजी झालं असेल, तर मुदत 5 मार्च 2027 पर्यंत जाते. नुसत्या व्हॉट्सॲप मेसेजवर भिस्त ठेवू नये: तो कोणी पाठवला आणि त्यावर सही आहे असं मानायचं का, यावरच वाद होतो.

दावा पैसे देणारा किंवा त्याचे वारस लावू शकतात. सोबत बँकेचा उतारा, वचनचिठ्ठी असल्यास मूळ प्रत, कबुलीचं पत्र किंवा परतफेडीची सहीची नोंद, नोटीस आणि तिची पोचपावती जोडावी. मेसेज जोडायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. वचनचिठ्ठीवर योग्य तिकीट नसेल तर ती पुराव्यात येत नाही आणि ही चूक मागाहून दंड भरूनही दुरुस्त होत नाही. मूळ तीन वर्षं उलटून गेली असतील, तर मुदत कोणत्या कबुलीमुळे वाढली हे वादपत्रातच लिहावं लागतं. ते राहिलं तर वादपत्र सुरुवातीलाच नामंजूर होण्याची भीती असते. कर्जदार भारताबाहेर राहिला असेल तर तो काळ मुदतीतून वगळतात, त्याच्या तारखाही त्यातच द्याव्यात.

मुदत संपली तरी कर्ज संपत नाही, कोर्टातून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो. त्यामुळे कर्जदाराने नंतर आपणहून पैसे दिले, तर मुदत संपली होती म्हणून ते परत मागता येत नाहीत. करार कायद्याच्या कलम 25(3) मध्ये एक वाट उरते: मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन. पण त्यात ‘देणं आहे’ एवढं पुरत नाही, ‘मी देईन’ असं स्पष्ट हवं. ते मिळालं तर त्या नव्या वचनावर दावा लावता येतो.